भाव रोजचा, नफा तिमाहीचा, कर्ज सहामाहीचं

‘पी/ई वीसपेक्षा कमी आणि कर्ज भांडवलाच्या निम्म्याहून कमी.’ शेअर बाजारात स्वतः अभ्यास करून पैसे गुंतवणाऱ्यांची ही फार आवडती चाळणी. हजारो नोंदणीकृत कंपन्यांतून अशा अटीत बसणारी नावं काही क्षणांत पडद्यावर येतात. नावापुढे भाव असतो, पी/ई असतो, कर्जाचं प्रमाण असतं. एका ओळीत, एकाच रंगात, शेजारीशेजारी. त्यामुळे हे सगळे आकडे आजचेच आहेत असं वाटतं. प्रत्यक्षात त्यातला भाव आजचा असतो, नफा दीड-दोन महिन्यांपूर्वी संपलेल्या तिमाहीपर्यंतचा असतो आणि कर्जाचा आकडा सात-आठ महिन्यांपूर्वीचाही असू शकतो.

हल्ली बरेच जण ही यादी हाताने न करता संगणकाला वेळ लावून देतात. ठरलेल्या वेळी छोटा प्रोग्रॅम आपोआप सुरू होतो, भाव आणि निकालांचे आकडे उतरवून घेतो, गुणोत्तरं काढतो आणि सकाळी यादी तयार ठेवतो. प्रोग्रॅम लिहिणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. अवघड आहे ते कोणता आकडा कधी जन्माला येतो हे ओळखून त्याप्रमाणे वेळ लावणं. बहुतेक चुकीच्या याद्या तिथेच तयार होतात.

दोन गुणोत्तरं, तीन वेळापत्रकं

पी/ई म्हणजे शेअरचा भाव भागिले प्रतिसमभाग मिळकत. मिळकत धरायची ती गेल्या चार तिमाहींची बेरीज. एकच तिमाही घेऊन तिला चाराने गुणलं तर हंगामी धंद्यांचं चित्र पार बिघडतं. पंखे बनवणाऱ्या कंपनीची उन्हाळ्याची तिमाही चौपट केली की ती फुकटात मिळतेय असं वाटेल. चार तिमाहींच्या बेरजेत वर्षाचे सगळे ऋतू येतात. नवी तिमाही आली की सर्वांत जुनी गळते.

कर्जाचं प्रमाण म्हणजे एकूण कर्ज भागिले नेटवर्थ, म्हणजे भागधारकांचं भांडवल आणि साठलेली गंगाजळी. स्वतःचे १०० रुपये आणि उसने ५० असतील तर प्रमाण ०.५.

आता हे आकडे येतात कधी ते पाहू. भाव रोज बदलतो आणि दुपारी साडेतीनला बाजार बंद झाल्यावर संध्याकाळी शेअर बाजारांकडून दिवसभराच्या भावांची फाइल येते. तिला भावकॉपी म्हणतात. नफ्याचा आकडा तिमाहीतून एकदा येतो. सेबीच्या २०१५ च्या नोंदणी व प्रकटीकरण नियमांप्रमाणे तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत निकाल जाहीर करावा लागतो. वर्षअखेरच्या लेखापरीक्षित निकालाला ६० दिवस मिळतात. म्हणून शेवटच्या तारखा ठरलेल्या आहेत: जून तिमाहीसाठी १४ ऑगस्ट, सप्टेंबरसाठी १४ नोव्हेंबर, डिसेंबरसाठी १४ फेब्रुवारी आणि मार्चसाठी ३० मे.

कर्जाचं मात्र वेगळं आहे. कर्ज असतं ताळेबंदात, आणि ताळेबंद तिमाही निकालाबरोबर दर वेळी येत नाही. तो वर्षातून दोनदा येतो, ३० सप्टेंबरचा आणि ३१ मार्चचा. जून आणि डिसेंबरच्या निकालांत नफा-तोटा असतो, पण बहुतेक कंपन्यांच्या बाबतीत ताळेबंद नसतो. ज्या कंपन्यांचे कर्जरोखे बाजारात नोंदलेले आहेत त्यांना कर्जाचं प्रमाण दर तिमाहीला सांगावं लागतं, पण अशा कंपन्या तुलनेने थोड्या.

याचा हिशेब मांडला तर गोष्ट लक्षात येते. ३१ मार्चचं कर्ज मे महिन्यात कळतं आणि त्यानंतरचा आकडा नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत येऊ शकतो. म्हणजे १३ नोव्हेंबरला आपण चाळणी लावली तर तिच्यातलं कर्ज साडेसात महिन्यांचं जुनं असेल. ३० सप्टेंबरचं कर्ज पुढच्या ३० मेपर्यंत, म्हणजे आठ महिने चालवावं लागतं. ‘तिमाही गुणोत्तरं’ म्हणून जे मिळतं त्यातलं एक गुणोत्तर मुळात सहामाही आहे.

एका कंपनीचं उदाहरण

पंप बनवणारी एक काल्पनिक कंपनी घेऊ. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तिचा भाव ४३२ रुपये आहे. मार्चपर्यंतच्या चार तिमाहींत प्रतिसमभाग मिळकत अनुक्रमे ८, ७, ६ आणि ३ रुपये, एकूण २४. पी/ई झाला १८. मार्चच्या ताळेबंदात नेटवर्थ ६०० कोटी आणि कर्ज १५० कोटी, म्हणजे प्रमाण ०.२५. आपल्या दोन्ही अटींत ती बसते.

८ ऑगस्टला जून तिमाहीचा निकाल लागतो. या तिमाहीत मिळकत ४ रुपये. गेल्या वर्षीच्या जूनचे ८ गळाले, नवे ४ आले. बेरीज २० वर आली. भाव तोच धरला तरी पी/ई २१.६ होतो आणि कंपनी यादीतून बाहेर पडते. प्रोग्रॅम जर ५ ऑगस्टला चालला असेल आणि पुढचा फेरा नोव्हेंबरमध्ये असेल, तर ही कंपनी तीन महिने आपल्या यादीत ‘स्वस्त’ म्हणून बसून राहील. तिमाहीतून एकदा माहिती आणायची असं ठरवलं तरी तो एक दिवस कुठला, यावर इतकं अवलंबून असतं.

आता कर्ज. या कंपनीने एप्रिल-मे महिन्यांत विक्रेत्यांना जास्त उधारी दिली आणि ती भागवायला बँकेकडून खेळतं भांडवल उचललं. जूनचा ताळेबंद नाही, त्यामुळे आपल्या तक्त्यात कर्ज अजून १५० कोटीच दिसतं. पण तिमाही निकालात एक ओळ दर वेळी असते, ती म्हणजे वित्तीय खर्च, सोप्या शब्दांत व्याज. मार्चच्या तिमाहीत ते सुमारे ३.४ कोटी होतं. जूनमध्ये ८ कोटी झालं.

तीन महिन्यांत ८ कोटी म्हणजे वर्षाला ३२ कोटी. व्याजाचा दर ९ टक्के धरला तर ३२ कोटी व्याज लागायला साडेतीनशे कोटींहून थोडं जास्त कर्ज असावं लागतं. नेटवर्थ ६०० कोटी असेल तर प्रमाण ०.६ च्या जवळ गेलं. दर आपल्याला अंदाजानेही मिळतो: आधीच्या तिमाहीचं व्याज चारने गुणून मार्चच्या कर्जाने भागलं की ९ टक्के येतं. नोव्हेंबरमध्ये ताळेबंद आल्यावर कळेल ती गोष्ट ऑगस्टमध्येच व्याजाच्या ओळीत उमटलेली होती.

म्हणून कर्जावर चाळणी लावणाऱ्याने कर्जाच्या रकान्याशेजारी तिमाही व्याजाचा रकाना ठेवलाच पाहिजे. व्याज मागच्या तिमाहीच्या दीडपटीहून वाढलं असेल तर कर्जाचा जुना आकडा विश्वासाने वापरायचा नाही, एवढा नियम पुरतो. याला एक मर्यादा आहे. कारखाना उभारणीसाठी काढलेल्या कर्जाचं व्याज उभारणी चालू असेपर्यंत नफा-तोट्यात न येता कारखान्याच्या किमतीत मिळवलं जातं. तशा कर्जाचा सुगावा व्याजाच्या ओळीत लागत नाही. त्यासाठी कंपनीने शेअर बाजाराला दिलेल्या घोषणा वाचाव्या लागतात.

वेळ लावायची कशी

यावरून कामाची विभागणी आपोआप ठरते. भाव रोज आणायचा. निकाल आठवड्यातून एकदा आणायचे, कारण निकालांचा हंगाम एका दिवसात उरकत नाही. तिमाही संपल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यापासून कंपन्या निकाल देऊ लागतात आणि छोट्या कंपन्यांची झुंबड शेवटच्या दोन-तीन दिवसांत उडते. पक्की यादी मात्र शेवटची तारीख उलटून गेल्यावरच करायची: १४ ऑगस्ट, १४ नोव्हेंबर, १४ फेब्रुवारी आणि ३० मे यांच्यानंतरच्या शनिवारी. त्याआधी केलेल्या यादीत काही कंपन्या नव्या निकालावर आणि काही जुन्या निकालावर तोललेल्या असतात.

लिनक्स संगणकावर असं वेळापत्रक लावण्यासाठी क्रॉन नावाची सोय असते. ओळीतले पाच आकडे अनुक्रमे मिनिट, तास, महिन्याची तारीख, महिना आणि वार सांगतात. सोमवार ते शुक्रवार रात्री साडेनऊला भाव आणि शनिवारी सकाळी आठला निकाल आणायचे असतील तर दोन ओळी पुरतात:

```
30 21 * * 1-5  python3 /home/me/bhav.py
0   8 * * 6    python3 /home/me/nikal.py
```

यात दोन खड्डे आहेत. पहिला घड्याळाचा. घरच्या संगणकावर भारतीय वेळ असते, पण भाड्याने घेतलेला सर्व्हर बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर चालतो, जी आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे. तिथे आपले रात्रीचे साडेनऊ म्हणजे दुपारचे चार. वरची ओळ तशीच ठेवली तर प्रोग्रॅम आपल्याकडे पहाटे तीनला चालेल. भाव मिळेल, पण त्याच्यावर तारीख पडेल ती कोणाची हे तपासावं लागेल.

दुसरा खड्डा अधिक फसवा. ‘महिन्याच्या १५ ते २१ तारखांत येणारा शनिवार’ असं सांगण्यासाठी बरेच जण तारखेच्या जागी `15-21` आणि वाराच्या जागी `6` लिहितात. क्रॉनमध्ये तारीख आणि वार दोन्ही दिले तर दोन्ही जुळण्याची वाट पाहिली जात नाही. दोहोंपैकी एक जुळलं तरी काम सुरू होतं. त्यामुळे १५ ते २१ तारखांना रोज आणि शिवाय प्रत्येक शनिवारी प्रोग्रॅम चालतो. हे टाळायला वार क्रॉनमध्ये द्यायचा आणि तारखेची तपासणी प्रोग्रॅमच्या आत करायची.

आणखी एक साधी गोष्ट. लॅपटॉप मिटलेला असेल तर क्रॉन ते काम नंतर उठून करत नाही, तो फेरा चुकतोच. म्हणून प्रत्येक यशस्वी फेऱ्याची तारीख एका फाइलमध्ये लिहून ठेवावी आणि यादी छापताना सर्वांत वर ती दाखवावी. निकालांची शेवटची तारीख पंधरा दिवसांपूर्वीची दिसली की काहीतरी बंद पडलंय हे लगेच कळतं. माहिती जिथून आणतो त्या संकेतस्थळाच्या वापराच्या अटी आधी वाचाव्यात. आपोआप उतरवून घ्यायला मनाई असेल तर परवानगी असलेला स्रोत किंवा सशुल्क सेवा घ्यावी.

जुन्या ओळीवर नवी ओळ लिहू नका

आणलेले आकडे ठेवायचे कसे, यात सर्वसाधारण चूक एकच होते. कंपनीची एक ओळ असते आणि नवे आकडे आले की जुने पुसले जातात. मग वर्षभराने ‘ही चाळणी गेल्या ऑगस्टमध्ये लावली असती तर काय झालं असतं’ हे पडताळायला गेलं की हाती फक्त आजचे, सुधारलेले आकडे उरतात. कंपन्या मागच्या तिमाहीचे आकडे पुढच्या निकालात बदलून देतात, एखादा व्यवसाय विकला की जुनी वर्षं पुन्हा मांडतात. त्या सुधारलेल्या आकड्यांवर घेतलेली परीक्षा नेहमी चांगलीच निघते, कारण ऑगस्टमध्ये कोणालाच ठाऊक नसलेली माहिती तिच्यात मिसळलेली असते.

उपाय सोपा आहे. प्रत्येक आकड्याला दोन तारखा द्यायच्या. एक, तो कोणत्या तिमाहीचा आहे. दुसरी, तो आपल्या हाती कधी आला. नवी माहिती आली की नवी ओळ जोडायची, जुनी तशीच ठेवायची. याच ओळीत निकाल एकल आहे की एकत्रित, हेही लिहायचं. उपकंपन्या असलेल्या कंपनीचे दोन निकाल येतात, एक फक्त मूळ कंपनीचा आणि दुसरा सगळ्या कुटुंबाचा. कर्ज बरेचदा उपकंपनीत असतं. नफा एकल घेतला आणि कर्ज एकत्रित, किंवा उलट, तर गुणोत्तराला अर्थच राहत नाही. या फरकाचा आकार केवढा असू शकतो ते मार्च २०२१ च्या शेवटी दिसलं. तोवर निफ्टी निर्देशांकाचा पी/ई एकल नफ्यावर काढला जाई. तो एकत्रित नफ्यावर काढायला सुरुवात झाली आणि सुमारे ४० चा पी/ई एका दिवसात ३३ च्या आसपास आला. बाजार त्या दिवशी तेवढा स्वस्त झाला नव्हता.

रिकामी जागा आणि शून्य

चाळणीच्या अटी लिहिताना सर्वांत मोठा धोका असतो तो कंपन्या गाळल्या जाण्यात नाही, चुकीच्या कंपन्या आत येण्यात आहे. ‘पी/ई २० पेक्षा कमी’ एवढीच अट लिहिली तर तोट्यातली प्रत्येक कंपनी आत येते, कारण उणे पंधरा हे वीसपेक्षा कमीच आहे. ‘कर्जाचं प्रमाण ०.५ पेक्षा कमी’ या अटीतही तेच होतं. साठलेल्या तोट्यांनी नेटवर्थ उणे झालेली कंपनी, मग तिच्यावर डोंगराएवढं कर्ज असो, प्रमाण उणे दाखवते आणि अट पार करते. व्होडाफोन आयडियाची नेटवर्थ कित्येक वर्षं उणे आहे. केवळ हे एक गुणोत्तर पाहणारी चाळणी तिला कमी कर्जाची कंपनी ठरवेल.

म्हणून आधी भाजक धन आहे ना ते पाहायचं, मग भागाकार:

```
yadi = df[
    (df.eps_ttm > 0) & (df.networth > 0)
    & (df.bhav / df.eps_ttm < 20)
    & (df.karj / df.networth < 0.5)
]
apurna = df[df.karj.isna()]
```

शेवटची ओळ मुद्दाम आहे. जून आणि डिसेंबरच्या निकालात ताळेबंद नसल्याने माहिती पुरवणारे काही स्रोत कर्जाची जागा रिकामी ठेवतात आणि काही तिथे शून्य टाकतात. रिकामी जागा असेल तर वरच्या प्रोग्रॅममध्ये ती कंपनी अट पार करत नाही, गुपचूप गळते. शून्य असेल तर उलट होतं. कर्जाने वाकलेली कंपनी एका रात्रीत कर्जमुक्त होऊन यादीच्या माथ्यावर येते. ऑगस्ट आणि फेब्रुवारीत तुमच्या यादीतल्या कर्जमुक्त कंपन्यांची संख्या अचानक फुगली आणि नोव्हेंबर-मेमध्ये पुन्हा ओसरली, तर नेमकं हेच घडतंय असं समजा. ओळखण्याची खूण व्याजाच्या रकान्यात आहे. कर्ज शून्य आणि व्याज कोट्यवधींचं, हे सहसा जमत नाही. अशा ठिकाणी शून्य पुसून आधीच्या ताळेबंदाचा आकडा वापरायचा आणि त्याची तारीख शेजारी लिहायची.

बँका आणि वित्तसंस्था या चाळणीतून पूर्ण वगळाव्यात. लोकांच्या ठेवी आणि उसनवारी हा त्यांचा कच्चा माल आहे. नेटवर्थच्या कित्येक पट देणी असणं हे तिथे आजाराचं लक्षण नसतं, तो धंद्याचा नेहमीचा आकार असतो.

नफा खरा, पण एकदाचाच

आयटीसीने हॉटेल व्यवसाय वेगळा केला तो १ जानेवारी २०२५ पासून. त्या वेगळं करण्यातून मार्च २०२५ च्या तिमाहीत सुमारे १५ हजार कोटी रुपयांचा हिशेबी लाभ तिच्या नफ्यात आला. पैसे कोणाकडून आले नाहीत, मालमत्तेच्या नव्या मूल्यांकनातून निघालेला तो आकडा होता. कंपनीचे शेअर सुमारे १,२५० कोटी. म्हणजे शेअरमागे १२ रुपये. नेहमीच्या व्यवसायातून वर्षाला शेअरमागे साधारण १६ रुपये मिळत होते. चार तिमाहींची बेरीज २८ च्या आसपास गेली.

मे महिन्याच्या शेवटी भाव होता ४२० रुपयांच्या आसपास. २८ ने भागलं तर पी/ई १५, १६ ने भागलं तर २६. वीसच्या चाळणीत एका हिशेबाने कंपनी आत आणि दुसऱ्या हिशेबाने बाहेर. शिवाय ती तिमाही बेरजेत चार निकाल टिकते. आपोआप चालणारा प्रोग्रॅम जवळजवळ वर्षभर, दर शनिवारी, न चुकता तिला स्वस्त म्हणत राहतो. वर्ष संपून ती तिमाही गळाली की त्याला वाटतं नफा कोसळला.

यातून वाट निकालाच्या तक्त्यातच आहे. चालू व्यवसायाचा नफा आणि बंद किंवा वेगळ्या केलेल्या व्यवसायाचा नफा तिथे स्वतंत्र ओळींत असतो, प्रतिसमभाग मिळकतही वेगवेगळी दिलेली असते. एकदाच घडणाऱ्या बाबींची निराळी ओळ असते. चाळणीसाठी चालू व्यवसायाची मिळकत घ्यायची आणि एकदाच्या बाबींची रक्कम करपूर्व नफ्याच्या दहा टक्क्यांहून जास्त असेल तर त्या कंपनीला खूण करून ठेवायची. तिथे पुढचा निर्णय माणसाने टिपणी वाचून घ्यावा.

शेअरच्या विभाजनाचाही असाच घोळ होतो. जानेवारी २०२४ मध्ये नेस्ले इंडियाच्या एका शेअरचे दहा झाले. साधारण २७ हजारांचा भाव २,७०० वर आला. भाव रोज आणतो, त्यामुळे तो त्याच दिवशी बदलला. मिळकत मात्र आपल्या तक्त्यात जुन्या, मोठ्या शेअरचीच होती. ती दहाने भागली नाही तर पी/ई रातोरात एक दशांश होतो. नफ्याची चार तिमाहींची एकूण रक्कम ठेवून आजच्या शेअरसंख्येने भागायची सवय ठेवली तर हा प्रश्न उरत नाही. विभाजनात शेअरचा आयएसआयएन क्रमांकही बदलतो आणि कंपनीचं नाव बदललं की एनएसईवरचं चिन्ह बदलू शकतं. म्हणून जुने-नवे आकडे जोडायला यापैकी एकावरच विसंबून राहू नये.

साखरेचं कर्ज कोणत्या महिन्यात मोजायचं?

सहामाही ताळेबंदाची मर्यादा आपल्या ओळखीच्या धंद्यात फार स्पष्ट दिसते. महाराष्ट्रात उसाचं गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन साधारण मार्च-एप्रिलपर्यंत चालतं. उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यायचे असतात, साखर मात्र पुढे वर्षभर विकली जाते. मधल्या काळात गोदामातली साखर तारण ठेवून बँकेचं कर्ज घेतलं जातं. त्यामुळे ३१ मार्चला साखर कंपनीचं खेळत्या भांडवलाचं कर्ज भरात असतं आणि साठा विकला गेल्यावर ३० सप्टेंबरला ते ओसरलेलं असतं.

मेमध्ये चाळणी लावली तर हीच कंपनी कर्जबाजारी दिसते, नोव्हेंबरमध्ये लावली तर सुदृढ. दोन्ही आकडे खरे आहेत, पण एकालाही कंपनीची वर्षभराची स्थिती कळलेली नाही. अशा हंगामी धंद्यांसाठी यंदाचा मार्च मागच्या मार्चशी ताडून पाहायचा, सप्टेंबर सप्टेंबरशी, आणि अट लावायची ती दोन ताळेबंदांच्या सरासरीवर. त्याचसाठी जुन्या ओळी पुसायच्या नसतात.

यादीवर विश्वास ठेवण्याआधी

प्रोग्रॅमने आणलेले आकडे बरोबर आहेत का, हे पाहण्याची सर्वांत चांगली वेळ जून महिना. तोवर मार्चचे निकाल आलेले असतात. आपल्या तक्त्यातल्या चार तिमाहींच्या नफ्याची बेरीज करायची आणि कंपनीने जाहीर केलेल्या वार्षिक नफ्याशी जुळवायची. ती जुळलीच पाहिजे, कारण मार्च तिमाहीचा आकडाच मुळी वर्षाच्या नफ्यातून आधीचे नऊ महिने वजा करून काढलेला असतो. जुळत नसेल तर बहुधा दोनपैकी एक झालेलं असतं. डिसेंबरच्या निकालात तिमाहीच्या रकान्याशेजारी नऊ महिन्यांचाही रकाना असतो, प्रोग्रॅमने तो उचललेला असतो. किंवा कंपनी लाखांत आकडे देते आणि आपण ते कोटी समजलेले असतो.

दुसरी तपासणी दर आठवड्याची. एखाद्या कंपनीचं कुठलंही गुणोत्तर आधीच्या फेऱ्याच्या तिप्पट किंवा एक तृतीयांश झालं, तर ती यादीत न घालता वेगळी काढायची. धंदा एका आठवड्यात इतका क्वचितच बदलतो. आकडा मात्र विभाजनाने, एकदाच्या लाभाने, एककाच्या गोंधळाने किंवा रिकाम्या जागेवर पडलेल्या शून्याने सहज बदलतो. वेगळ्या काढलेल्या त्या पाच-दहा कंपन्यांचे मूळ निकाल शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर उघडून स्वतः वाचायचे. त्यात जाणारा तासभर वेळ हा या सगळ्या यंत्रणेतला सर्वांत उपयोगी वेळ आहे.

आणि यादी छापताना प्रत्येक नावापुढे दोन गुणोत्तरांबरोबर तीन तारखा छापा: भाव कोणत्या दिवसाचा, नफा कोणत्या तिमाहीपर्यंतचा, कर्ज कोणत्या ताळेबंदातलं. ज्या कंपनीपुढे कर्जाची तारीख सहा महिन्यांपलीकडची आहे आणि व्याज वाढलेलं आहे, तिचं ०.२५ हे प्रमाण तुम्ही मग खरेदीचं कारण म्हणून वापरणार नाही. तुम्ही तिचा पुढचा ताळेबंद येईपर्यंत थांबाल.